कॅल्शियम स्कोअर १८६ : हा आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

मागच्या महिन्यात कोडोलीतल्या आमच्या दवाखान्यात एक जोडपे आले. भाईजान ५५ वर्षांचे, हार्डवेअरचे दुकान आणि थोडा ऊस. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने अब्बांना आग्रहाने बोलावून घेऊन तपासण्यांचे एक पॅकेज करवले होते आणि त्यात हृदयाचा सीटी स्कॅनही होता. रिपोर्टच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिले होते, कॅल्शियम स्कोअर १८६.

रिपोर्ट घरी येऊन चारच दिवस झाले होते, पण तेवढ्यात घराची घडी विस्कटली होती. भाभी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांच्या नसांत कॅल्शियम भरलंय म्हणे. आम्ही दूध-दही बंद केलंय. हाडांसाठी माझी गोळी चालू होती, तीसुद्धा भीतीने थांबवली." एका पाहुण्याने १८६ म्हणजे ८६ टक्के ब्लॉकेज असा हिशेब मांडला होता. दुसऱ्याने उद्याच्या उद्या अँजिओग्राफी करा असा सल्ला दिला होता. भाईजान स्वतः फार बोलत नव्हते. शेवटी म्हणाले, "लेकीचा निकाह दोन महिन्यांवर आलाय. तोवर मला काही होत नाही ना, तेवढं सांगा."

हा स्कॅन आता पॅकेजमधून घरोघरी पोचू लागला आहे. आकडा हातात पडतो, पण तो कशासाठी आहे हे सांगायला कोणी नसते. म्हणून या वेळी हे सदर याच एका आकड्यासाठी ठेवले आहे. भाईजानांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत.

सुरुवात दुधापासून करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथेच आहे. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. गिझरच्या कॉइलवर आणि नळाच्या पाइपात पांढरा क्षार बसतो व पाइप आतून बारीक होत जातो. नसांतले कॅल्शियम म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येते. पण हृदयाच्या धमनीत तसे घडत नाही. कॅल्शियम रक्तातून वाहत येऊन पोकळीत बसत नाही. आधी धमनीच्या भिंतीच्या आत चरबी मुरते. तिला हटवायला पांढऱ्या पेशी येतात, त्यातल्या बऱ्याच तिथेच मरतात आणि वर्षानुवर्षे तिथे सूज धुमसत राहते. जखम बरी करण्याच्या खटपटीत शरीर त्या जागी कॅल्शियम जमवते, जवळपास हाड तयार करावे तसे. थोडक्यात, कॅल्शियम हा आजाराचा व्रण आहे. दुधातले कॅल्शियम इथे येऊन बसत नाही, म्हणून दूध सोडल्याने हा व्रण पुसला जात नाही. भाभींना आम्ही त्याच दिवशी सांगितले, दूध सुरू करा आणि ज्या डॉक्टरांनी हाडांची गोळी दिली त्यांना विचारल्याशिवाय ती मनाने बंद ठेवू नका.

व्रणाचा उपयोग असा की तो मोजता येतो. मऊ चरबी साध्या सीटी स्कॅनला नीट दिसत नाही. कॅल्शियम मात्र हाडासारखे पांढरे चमकते. धमनीत जितका व्रण जास्त, तितका एकूण आजार जास्त, हे शवविच्छेदनाच्या अभ्यासांतूनही दिसले आहे. धमनीतल्या एकूण साठ्यात कॅल्शियमचा वाटा साधारण पाचव्या हिश्शाइतका धरतात. म्हणजे दिसतो तो थोडा भाग, आणि त्यावरून न दिसणाऱ्या भागाचा अंदाज बांधायचा.

मोजण्याची रीत १९९० साली आर्थर ॲगॅटस्टन आणि वॉरेन जॅनोविट्झ या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. म्हणून रिपोर्टवर कधी कधी 'ॲगॅटस्टन स्कोअर' असेही लिहिलेले असते. छातीवर ईसीजीच्या तारा लावतात, हात डोक्यावर घ्यायला सांगतात, दहा-एक सेकंद श्वास रोखायला लावतात आणि दोन ठोक्यांमधल्या निवांत क्षणी चित्रे टिपतात. इंजेक्शन नाही, रंगाचे औषध नाही, उपाशी राहणे नाही. फक्त आधी काही तास चहा-कॉफी टाळतात, म्हणजे ठोके संथ राहतात. क्ष-किरणांचा डोस साधारण एक मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात मिळतो त्यापेक्षा तो कमीच आहे. रंगाचे औषध देऊन करतात ती सीटी अँजिओग्राफी ही वेगळी तपासणी. तिचा डोस आणि खर्च दोन्ही जास्त, आणि दोन्हींची गल्लत रोज होते.

चित्रे हाती आली की ती तीन-तीन मिलिमीटरच्या चकत्यांत पाहतात. प्रत्येक चकतीत धमनीवरचा पांढरा ठिपका शोधतात. ठिपका ठरावीक पातळीपेक्षा उजळ असेल, म्हणजे मोजपट्टीवर १३० किंवा त्याहून वर, तरच तो धरतात. त्याचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि उजळपणानुसार त्याला १ ते ४ यांपैकी एका अंकाने गुणतात. २०० च्या खाली १, ३०० च्या खाली २, ४०० च्या खाली ३ आणि त्यावर ४. भाईजानांच्या एका चकतीत आठ चौरस मिलिमीटरचा ठिपका आहे आणि त्याचा सर्वांत उजळ बिंदू ३५० आहे असे समजू. मग आठ गुणिले तीन, म्हणजे २४. अशी सगळ्या चकत्यांतल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे स्कोअर.

भाईजानांच्या रिपोर्टमध्ये ही बेरीज धमनीनिहाय दिली होती. डावी मुख्य धमनी, जिला रिपोर्टवर एलएम लिहितात, तिथे शून्य. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणारी एलएडी १४८, मागे वळणारी एलसीएक्स ७ आणि उजवी आरसीए ३१. एकूण १८६. या बेरजेत टक्के कुठेच नाहीत. क्षेत्रफळ आणि उजळपणा यांचा तो गुणाकार आहे. पोकळी किती उघडी आहे हे त्यातून कळत नाही, कारण कॅल्शियम भिंतीत असते आणि धमनी बऱ्याचदा बाहेरच्या बाजूने फुगून आतली वाट मोकळी ठेवते. १८६ असूनही रक्त बिनअडथळा वाहत असू शकते. उलट, स्कोअर थोडा असून एखादी जागा अरुंद असू शकते. ८६ टक्के ब्लॉकेजचा पाहुण्याचा हिशेब तिथेच संपला.

मग हा आकडा सांगतो तरी काय? तो पुढच्या दहा वर्षांविषयी सांगतो. आणि तेही एकट्या आकड्यावरून नाही. माणसाविषयी आधीच जे माहीत आहे, त्यात तो भर घालतो.

भाईजानांविषयी आम्हाला हे माहीत होते. वय ५५. सिगारेट-तंबाखू नाही. साखर ठीक. रक्तदाब वरचा १३८, औषध चालू नाही. एकूण कोलेस्टेरॉल २१८, त्यात चांगले समजले जाणारे एचडीएल फक्त ३८ आणि वाईट एलडीएल १४६. आणि मोठ्या भावाला ५३ व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता. मशिदीच्या पायऱ्या चढताना, पोती उचलताना, उसात फिरताना छाती भरून येते का, धाप लागते का, जबडा किंवा डावा हात जड होतो का, हे आम्ही दोनदा विचारले. नाही म्हणाले. भाभींनाही वेगळे विचारले, कारण असे प्रश्न पुरुष हसण्यावारी नेतात. त्याही नाही म्हणाल्या.

ही माहिती हिशेबात घातली की दहा वर्षांचा धोका काढता येतो. अमेरिकेत २००० साली 'मेसा' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. हृदयविकार नसलेल्या ४५ ते ८४ वयाच्या ६,८१४ स्त्री-पुरुषांचा हा स्कॅन केला गेला आणि पुढे कोणाला काय झाले याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली गेली. त्यावरून २०१५ साली एक गणकयंत्र तयार झाले. स्कोअर माहीत नसताना काय धोका आणि माहीत झाल्यावर काय, असे दोन्ही हिशेब त्यात करता येतात. धोका म्हणजे इथे हार्ट अटॅक, हृदयविकाराने मृत्यू किंवा छातीत दुखून अँजिओप्लास्टी-बायपासची वेळ येणे.

स्कॅन न करता भाईजानांचा धोका आला सुमारे ९ टक्के. म्हणजे अगदी त्यांच्यासारखी शंभर माणसे एका रांगेत उभी केली, तर दहा वर्षांत नऊ जणांना हा त्रास होईल आणि एक्याण्णव जणांना होणार नाही. भाईजान त्या नवांत आहेत की एक्याण्णवांत, हे कोणालाच सांगता येत नाही. आणि हा ९ टक्क्यांचा आकडा मोठा अडचणीचा आहे. तो २ टक्के असता तर आम्ही चाल, मीठ, तेल एवढ्यावर भागवले असते. २५ असता तर त्याच दिवशी गोळी लिहिली असती. नऊवर डॉक्टरही अडखळतो आणि घरचेही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आयुष्यभर घ्यायची की नाही?

या मधल्या पट्ट्यातल्या माणसासाठीच कॅल्शियम स्कोअर आहे. अमेरिकेच्या २०१८ च्या कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेतही त्याला हीच जागा दिली आहे: धोका मधला, गोळीचा निर्णय होत नाही, तेव्हा स्कॅन करा.

आता त्याच गणकयंत्रात स्कोअर घालून पाहू. भाईजानांचा स्कोअर शून्य आला असता, तर ९ टक्क्यांचा धोका उतरून साडेतीनच्या आसपास आला असता. बाकी सगळे तेच, तोच भाऊ, तेच कोलेस्टेरॉल. त्यांचा स्कोअर १८६ आहे, म्हणून धोका चढून सुमारे १४ टक्के होतो. एकाच माणसाचे कागदावरचे वय आणि कोलेस्टेरॉल तेवढेच, पण स्कॅनने त्याला एका रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत ठेवले. असे होते, कारण बाकीचे आकडे धमनीला काय काय त्रास झाला असेल याचा अंदाज सांगतात आणि स्कोअर तो त्रास प्रत्यक्षात किती झाला ते दाखवतो.

याने गोळीचा निर्णय कसा बदलतो ते पाहा. मध्यम ताकदीच्या स्टॅटिनने एलडीएल साधारण तिसऱ्या हिश्शाने उतरते, आणि तेवढ्याने अशा घटना सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतात. स्कोअर शून्यवाल्या शंभर जणांनी दहा वर्षे गोळी घेतली, तर त्यातला एखादाच वाचतो. १८६ वाल्या शंभर जणांनी घेतली, तर चौदाऐवजी दहा आजारी पडतात, चार जण वाचतात. गोळी तीच, पैसे तेच, पण मिळकत चौपट. स्कोअर १०० च्या वर गेला की मार्गदर्शिका सरळ स्टॅटिन सुरू करा म्हणते. १ ते ९९ मध्ये, विशेषतः वय ५५ च्या वर असेल तर, झुकते माप गोळीच्या बाजूला असते.

स्कोअर वाचताना वय विसरू नये. ६० हा आकडा ४५ वर्षांच्या माणसात फार मोठा आहे आणि ७५ वर्षांच्या माणसात तो त्याच्या बरोबरीच्या बहुतेकांपेक्षा कमी आहे. म्हणून चांगल्या रिपोर्टमध्ये 'पर्सेंटाइल' दिलेले असते, म्हणजे आपल्याच वयाच्या शंभर जणांत आपला नंबर कितवा. भाईजान त्यांच्या वयाच्या तीन-चतुर्थांश पुरुषांच्या पुढे होते. या शर्यतीत पुढे असणे बरे नाही.

इथे एक प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील. ही सगळी मोजमापे अमेरिकेतली. आपल्या लोकांना ती लागू पडतात का? प्रश्न रास्त आहे. मेसात गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी आणि चिनी वंशाचे लोक होते, दक्षिण आशियाई नव्हते. ती उणीव भरण्यासाठी डॉ. अलका कनाया यांच्या नेतृत्वाखाली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागातल्या दक्षिण आशियाई कुटुंबांचा 'मसाला' अभ्यास उभा राहिला. नाव ऐकून हसू येईल, पण ते इंग्रजी आद्याक्षरांवरून पडले आहे. २०१० ते २०१३ मध्ये ९०६ जणांची तपासणी झाली. त्यात दिसले की आपल्या पुरुषांचे स्कोअर गोऱ्या पुरुषांच्या जवळपास आहेत आणि बाकी तीन गटांपेक्षा जास्त आहेत. म्हणून आम्ही भाईजानांचा हिशेब गोऱ्या पुरुषांच्या रकान्यात केला. दुसरी गोष्ट, जगभरच्या रुग्णांची तुलना करणाऱ्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी आला, इतरत्र सुमारे ५९ व्या. त्यामुळे आपल्याकडे गणकयंत्राचा आकडा कमीत कमी समजावा, जास्तीत जास्त नव्हे. त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला आहे.

आता अँजिओग्राफी. भाईजानांना काहीच तक्रार नाही. अशा माणसात अँजिओग्राफी करून एखादी अरुंद जागा सापडली आणि तिथे स्टेंट बसवला, तर पुढचा अटॅक टळतो असे सिद्ध झालेले नाही. पुष्कळदा अटॅक येतो तो फारशा अरुंद नसलेल्या, मऊ चरबीच्या गाठीचा पापुद्रा फाटून. तिथे रक्ताची गुठळी होते आणि मिनिटांत धमनी बंद पडते. स्टेंट एका जागी बसतो, आजार सगळीकडे असतो. गोळी, रक्तदाबाचा उपचार आणि चालणे सगळीकडे पोचते. १८६ वर आम्ही अँजिओग्राफी सांगितली नाही. तक्रार असती तर गोष्ट पूर्ण वेगळी होती.

ते वेगळेपण नीट सांगायला हवे, कारण जीव तिथेच जातात. छातीत दुखत असेल, चालताना छाती दाटत असेल, तर कॅल्शियम स्कोअर ही तपासणीच नव्हे. तिथे ईसीजी, रक्तातले ट्रोपोनिन आणि डॉक्टर हवेत, आणि दुखणे अचानक व जोराचे असेल तर तासाभरात. आमच्या ओळखीतल्या एका खालांचे उदाहरण विसरता येत नाही. मधुमेह दहा वर्षांचा, चालले की छातीवर दगड ठेवल्यासारखे व्हायचे. वर्षभरापूर्वीचा स्कोअर शून्य होता, म्हणून घरच्यांनी पित्त समजून जिरे-ओव्याचे पाणी दिले. तीन दिवसांनी मोठा अटॅक आला. त्या वाचल्या, पण हृदयाची ताकद निम्मी झाली. शून्याने फक्त एवढेच सांगितले होते की व्रण नाही. मऊ, ताजी चरबी त्याला दिसत नाही. धूम्रपान करणाऱ्यांत, मधुमेहींत, घरात कमी वयात अटॅक आलेल्यांत आणि चाळिशीच्या आतल्यांत शून्यावर विसंबता येत नाही. बायकांत कॅल्शियम पुरुषांपेक्षा साधारण दहा वर्षे उशिरा दिसू लागते, म्हणून ४२ वर्षांच्या बाईच्या शून्याने फारसे काही कळत नाही. ज्यांना यातले काहीच नाही आणि ज्यांचे वय मध्यम आहे, त्यांना शून्य मात्र खरा दिलासा देते. गोळी पुढे ढकलून पाच ते दहा वर्षांनी पुन्हा पाहता येते.

काही लोकांनी स्कॅनवर पैसे घालवूच नयेत. ज्यांना अटॅक येऊन गेला किंवा स्टेंट-बायपास झाले, त्यांना उत्तर आधीच मिळाले आहे. ज्यांचे एलडीएल १९० च्या वर आहे किंवा चाळिशीनंतर मधुमेह आहे, त्यांना बहुतेक वेळा स्कॅनशिवायच गोळी लागते. छातीचा स्कॅन असल्याने फुप्फुसाचा थोडा भागही त्यात येतो. आपल्याकडे जुन्या क्षयाचे डाग पुष्कळांत असतात, आणि तो डाग कसला म्हणून आणखी दोन स्कॅनची वारी सुरू होते. धोका मधला असेल तर ही झंझट सोसण्यात अर्थ आहे, सगळ्यांनी हौसेने करण्यात नाही. सरसकट तपासणीने मृत्यू कमी होतात का, हे डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांवर तपासले गेले. त्या मोहिमेत या स्कॅनबरोबर इतरही तपासण्या होत्या. २०२२ साली निकाल आला, पण मृत्यू कमी झाले असे खात्रीने म्हणता आले नाही.

भाईजानांना आम्ही स्टॅटिन सुरू केली. रक्तदाब आठवडाभर घरी मोजायला सांगितला आणि तो तिथेही वर राहिला तर त्याचे औषध ठरेल. त्यांनी दोन प्रश्न विचारले. पहिला रमजानचा. ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन या गोळ्यांचा असर लांब टिकतो, म्हणून सहरी किंवा इफ्तार, कोणतीही एक वेळ धरून घेता येते. रोजा अडत नाही. दुसरा प्रश्न महत्त्वाचा होता, "हा १८६ कमी कधी होणार?"

तो कमी होणार नाही, आणि कमी करण्याच्या नादी लागू नये. उलट, गोळी घेत असताना तीन-चार वर्षांनी स्कॅन केला तर आकडा २४० झालेला दिसू शकतो. स्टॅटिनने मऊ चरबी आटते आणि तिच्या जागी घट्ट कॅल्शियम येते. गाठ फाटण्याची शक्यता त्यामुळे कमी होते, पण मोजणीत घट्टपणाला जास्त गुण असल्यामुळे स्कोअर वाढतो. हे ठाऊक नसले की माणूस म्हणतो, औषधाने वाढले, आणि गोळी सोडतो. आमच्या पाहण्यात अशी दोन माणसे आहेत. म्हणून गोळी सुरू झाली की स्कॅन पुन्हा करू नये. लक्ष ठेवायचे ते एलडीएलवर. पहिली तपासणी दीड ते तीन महिन्यांत आणि पुढे वर्षातून एकदा. सलाईन लावून नसांतले कॅल्शियम धुऊन काढतो, अशा जाहिराती भाईजानांच्या फोनवर लगेच येऊ लागल्या होत्या. त्याने धमन्यांतले कॅल्शियम जाते याला पुरावा नाही आणि बिल मात्र हजारोंत जाते.

निकाहापर्यंतचा त्यांचा प्रश्न राहिला होता. दहा वर्षांत शंभरात चौदा, याचा अर्थ दोन महिन्यांत तो धोका फारच थोडा, हे ऐकून भाभींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. मांडवाची कामे करा, जिने चढा, फक्त चालताना छाती दाटली तर दुकान, पाहुणे काही न बघता लगेच या, एवढेच सांगितले.

चार दिवसांनी त्यांचे धाकटे भाऊ आले. वय ४४. मोठ्या भावाला अटॅक, मधल्याचा स्कोअर १८६, म्हणून त्यांनी कोल्हापुरात स्कॅनची वेळ ठरवूनच टाकली होती. आम्ही म्हटले, आधी साधे रक्त तपासू. उपाशीपोटी साखर १४८ निघाली, तीन महिन्यांची सरासरी ७.४. मधुमेह होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. मधुमेह, वय चाळिशीपुढे, दोन्ही भावांची ही कहाणी. त्यांना स्टॅटिन स्कोअर काहीही आला तरी लागणार होती. स्कॅनची वेळ त्यांनी रद्द केली आणि त्या पैशांत साखर मोजायचे यंत्र आणि चालायचे बूट घेतले.